काकूचे साडेसात सेंटिमीटर कुठे गेले?

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरात माजघराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा आहेत. दर दिवाळीत काका घरातल्या पोरांना चौकटीला टेकवून उभं करायचे आणि रेघ मारून शेजारी साल लिहायचे. त्या गर्दीत एकच रेघ मोठ्या माणसाची आहे. १९७४ साली काकू लग्न होऊन या घरात आली, तेव्हा 'सून सासूपेक्षा उंच की बुटकी' यावरून पैज लागली होती, त्या पैजेची ती रेघ.

गेल्या वर्षी दिवाळीत काकू त्याच चौकटीपाशी उभी राहिली. वय त्र्याहत्तर. रेघ तिच्या डोक्याच्या बरीच वर दिसत होती. पोरं हसली, काकूही हसली. मला मात्र हसू आलं नाही, कारण मी पस्तीस वर्षं एक्स-रे काढण्याचं काम केलंय आणि असा फरक दिसला की माझं लक्ष आधी पाठीकडे जातं.

टेप लावून पाहिलं तर जमिनीपासून रेघ १५२.५ सेंटिमीटरवर होती आणि काकू भरली १४८.५. म्हणजे चार सेंटिमीटर कमी. तेवढ्यात चुलत भाऊ म्हणाला, "अरे, पण जमीन कुठे तीच आहे?" त्याचं बरोबर होतं. मधे एकदा कोटा फरशीवरच माल टाकून नव्या टाइल्स बसवल्या होत्या, अर्धा उंबरठा त्यात बुडाला. बाहेरच्या ओट्याशी ताडून पाहिलं तर जमीन साडेतीन सेंटिमीटर वर आली होती. म्हणजे रेघ मारली तेव्हा काकू १५६ ची होती आणि घट चार नाही, साडेसात सेंटिमीटरची आहे. जवळपास तीन इंच.

खात्रीसाठी तिला दोन्ही हात आडवे पसरायला लावले आणि एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजलं. १५५ भरलं. हातांची हाडं वयाबरोबर आखूड होत नाहीत, त्यामुळे हा पसारा तरुणपणच्या उंचीची ढोबळ साक्ष देतो. ढोबळच, कारण काही माणसांचे हात मुळातच उंचीपेक्षा तीन-चार सेंटिमीटर जास्त पसरतात. रेघ नसती तर एवढ्यावर मी विसंबलो नसतो. इथे दोन्ही साक्षी जुळल्या.

आता हे साडेसात सेंटिमीटर गेले कुठे? पायांची हाडं तर जागच्या जागी आहेत. घट जवळजवळ सगळी पाठीच्या कण्यात असते, आणि तिथे तिचे तीन वाटेकरी असतात.

पहिला वाटेकरी गादी. दोन मणक्यांच्या मधल्या चकतीला आपण गादी म्हणतो ('गादी सरकली' म्हणतो ती हीच). अशा तेवीस गाद्या असतात. मानेतल्या आणि छातीमागच्या साधारण पाच-पाच मिलिमीटर जाडीच्या, कंबरेतल्या जवळपास दुप्पट. एकावर एक रचल्या तर चौदा सेंटिमीटरच्या आसपास उंची होते, म्हणजे सबंध कण्याचा पाव-एक हिस्सा. गादीच्या पोटात पाणी धरून ठेवणारा गीर असतो आणि भोवती चिवट तंतूंचे वेढे. दिवसभर उभं राहिलं की वजनाने थोडं पाणी बाहेर दाबलं जातं, रात्री आडवं झालं की परत शोषलं जातं. त्यामुळे सकाळी उठल्यावरचा माणूस रात्रीच्यापेक्षा एक-दीड सेंटिमीटर उंच असतो, आणि त्यातली बरीच घट उठल्यानंतरच्या पहिल्या एक-दोन तासांतच होते. उंचीची तुलना करायची तर दोन्ही वेळा दिवसाच्या एकाच प्रहरी मोजा, असं मी म्हणतो ते यासाठी.

हे रोजचं झालं. वयाबरोबर होतं ते वेगळं. गिरात पाणी ओढून धरणारी जी मोठमोठी रेणूंची जाळी असते, ती विरत जाते आणि गादी रात्री पूर्ण भरून येईनाशी होते. मोठ्या माणसाच्या गादीत रक्तवाहिन्या जवळपास नसतात. वरच्या-खालच्या मणक्याच्या पातळ पत्र्यातून जे झिरपेल त्यावरच तिला जगावं लागतं, म्हणून दुरुस्तीही फार मंद. प्रत्येक गादी सरासरी एकच मिलिमीटर बसली तरी तेवीस गाद्यांचे तेवीस मिलिमीटर होतात. याला आजार म्हणायचं कारण नाही. केस पिकतात तसंच हे.

काकूच्या खात्यावर गाद्यांपोटी अडीच सेंटिमीटर टाकूया. राहिले पाच.

अमेरिकेत बाल्टिमोर इथे अनेक वर्षं त्याच त्या माणसांना पुन्हा पुन्हा मोजून झालेला एक अभ्यास आहे. त्यात तिशी ते सत्तरी या काळात पुरुष सरासरी तीन सेंटिमीटर आणि बायका सरासरी पाच सेंटिमीटर खाली आल्या. ऐंशीपर्यंत हे आकडे पाच आणि आठ झाले. ते वाचून कोणी म्हणेल, मग काकूचे साडेसात म्हणजे थोडं जास्त, इतकंच. मला हा युक्तिवाद पटत नाही. त्या सरासरीत मणके दबलेल्या बायकाही धरलेल्या असणार. सरासरीत बसलं म्हणजे निरोगी असं होत नाही. काकूला आधी एका डॉक्टरांनी 'वय झालं, उंची कमी होणारच' म्हणून परत पाठवलं होतं, ते याच समजुतीतून.

व्यवहारात हाडांचे डॉक्टर दोन आकडे लक्षात ठेवतात. तरुणपणच्या उंचीपेक्षा चार सेंटिमीटर घट, किंवा आधी नीट मोजलेल्या उंचीपेक्षा दोन सेंटिमीटर घट. यातलं काहीही झालं तर पाठीचा एक्स-रे. आणि तो बाजूने काढलेला. हे मी मुद्दाम सांगतोय. काकूचा दोन वर्षांपूर्वी खोकल्यासाठी छातीचा एक्स-रे झाला होता आणि 'तेव्हा तर सगळं ठीक होतं' असं ती सांगत होती. छातीचा नेहमीचा एक्स-रे समोरासमोर काढतात. त्यात पुढून दबलेला मणका सहज निसटतो. दुसरी चूक म्हणजे फक्त कंबरेची फिल्म काढायची. छातीमागचे मणके त्यात येतच नाहीत, आणि दबणारे मणके बहुधा दोनच टापूंत असतात: एक पाठीच्या मध्यावर, सातव्या-आठव्या मणक्यापाशी, आणि दुसरा छाती संपून कंबर सुरू होते त्या सांध्यावर.

काकूच्या दोन फिल्म काढल्या, एक छातीमागची आणि एक कंबरेची. छातीचा बारावा मणका मागे पंचवीस मिलिमीटर उंच आणि पुढे सोळाच, म्हणजे पुढची छत्तीस टक्के उंची गेलेली. लाकडाची पाचर बाजूने दिसते तसा तो दिसत होता. आठवा मणका मागे एकोणीस, पुढे चौदा, सव्वीस टक्के. आणि कंबरेचा पहिला मणका कडांना ठीक, पण मधे वरून-खालून खचून डमरूसारखा झालेला. मोजमापाच्या रूढ पद्धतीत वीस ते पंचवीस टक्के घट म्हणजे सौम्य, पंचवीस ते चाळीस म्हणजे मध्यम आणि त्यावर गंभीर. काकूचे तिन्ही मणके मध्यम निघाले. तीन फ्रॅक्चर, आणि घरात कोणाला पत्ता नाही.

"अगं, पाठ कधी धरली होती का?" विचारलं. ती आधी नाहीच म्हणाली. मग आठवलं. तीन वर्षांपूर्वी उत्तरायणाला सगळे पतंगात गुंतले होते, आणि संध्याकाळी तिने गच्चीवर वाळत घातलेली कापसाची गादी एकटीने गुंडाळून उचलली. कड्कन आवाज आल्यासारखं वाटलं, श्वास अडकला. लचक भरली म्हणून बाम लावला, शेक घेतला, दोन महिन्यांत कमी झालं. असे मणके सहा-आठ आठवड्यांत सांधतात आणि दुखणं ओसरतं, म्हणूनच फसायला होतं. सांधतो तो दबलेल्याच आकारात सांधतो. मणक्याच्या अशा फ्रॅक्चरपैकी जेमतेम एक तृतीयांश डॉक्टरांपर्यंत पोहोचतात. बाकीची 'लचक' म्हणून जातात, किंवा कळतही नाहीत. काकूच्या इतर दोन मणक्यांची तर तिला आठवणच नाही.

पण बारा किलोच्या गादीने हाड मोडावं कसं? इथे थोडं गणित करून पाहूया. पुढे वाकून गादी धरली की तिचं वजन कण्याच्या सुमारे चाळीस सेंटिमीटर पुढे असतं. ते सांभाळणारे पाठीचे स्नायू कण्याच्या मागे जेमतेम पाच सेंटिमीटरवर. जत्रेतल्या सी-सॉवर एका टोकाला लांब बसलेलं पोर आणि दुसऱ्या बाजूला मधल्या दांड्याजवळ बसलेला पैलवान, तसं हे आहे. बारा गुणिले चाळीस भागिले पाच, म्हणजे स्नायूंना शहाण्णव किलोची ओढ द्यावी लागते. ती ओढ, गादीचं वजन आणि वाकलेल्या धडाचा भार, हे सगळं मणक्यावर येतं, आणि वाकल्यामुळे त्याच्या पुढच्या कडेवर जास्त. गादी अंगाशी धरून, गुडघ्यात बसून उचलली असती तर चाळीसच्या जागी पंधरा-वीस सेंटिमीटर झाले असते आणि ओढ निम्मी किंवा त्याहूनही कमी.

तरुण मणका हे सहन करतो. सत्तरीतला का नाही, हे कळायला मणक्याच्या आत पाहायला हवं. मणका भरीव नसतो. बाहेर पातळ कवच आणि आत हाडाच्या बारीक काड्यांची जाळी: उभ्या काड्या वजन पेलणाऱ्या, आडव्या त्यांना एकमेकींशी बांधून ठेवणाऱ्या. इमारतीला रंग देताना बांबूची परांची बांधतात, डोळ्यांसमोर तीच आणा. मासिक पाळी थांबली की इस्ट्रोजेन घटतं. जुनं हाड खाऊन टाकणाऱ्या पेशींवर त्याचा लगाम असतो, तो सैल होतो, आणि पुढची काही वर्षं हाड भरण्यापेक्षा झिजतं जास्त. आतली जाळी पृष्ठभागाने मोठी, म्हणून तिची झीज आधी. त्यातही आडव्या काड्या आधी तुटतात. ऑस्टिओपोरोसिस म्हणजे हेच.

परांचीतले एकाआड एक आडवे बांबू काढून टाका. उभे बांबू तेवढेच राहिले, तेवढेच जाड. पण आता प्रत्येकाची आधाराविना लांबी दुप्पट झाली. आणि उभी काठी वजनाखाली वाकून मोडण्याचा नियम असा की आधाराविना लांबी दुप्पट झाली की पेलण्याची ताकद चौथा हिस्सा उरते. म्हणून हाडातलं खनिज थोडंसंच कमी झालं असतानाही मणका एकदम कमजोर होऊ शकतो. कागदावरची घट आणि ताकदीतली घट यांचं प्रमाण सरळ नसतं.

आता राहिलेल्या पाच सेंटिमीटरचा हिशेब. दुसरा वाटेकरी म्हणजे हे दबलेले मणके. बाराव्या मणक्याची पुढची कड नऊ मिलिमीटर खाली आली, मागची तशीच, म्हणजे मध्यावर साडेचार मिलिमीटर. आठव्याचे अडीच. डमरू मणक्याच्या कडा शाबूत, तरी त्याच्या खळगीत गादी रुतली, म्हणून दोन-तीन मिलिमीटर धरा. सगळं मिळून एक सेंटिमीटर. बस. तीन मणके मोडले आणि हाडाचं नुकसान एवढंच!

बाकीचे चार सेंटिमीटर तिसऱ्या वाटेकऱ्याने, पाठीला आलेल्या बाकाने खाल्ले. मी नोकरीला लागलो तेव्हा मलाही हे ठाऊक नव्हतं. पाचर झालेला मणका फक्त ठेंगणा होत नाही, तो वरचा सगळा कणा पुढे कलता करतो. काकूचा बारावा मणका सुमारे सतरा अंशांनी आणि आठवा सुमारे दहा अंशांनी कलला आहे. बाराव्याच्या वर डोक्यापर्यंत सुमारे पन्नास सेंटिमीटरचा भाग येतो. तो सरळ राहून सतरा अंश कलला तर उभ्या उंचीत दोन सेंटिमीटरहून जास्त जातात. त्यावर आठव्याचा कल, पुढे झुकलेली मान, आणि तोल सावरायला किंचित वाकलेले गुडघे. चार होतातच. अर्थात जिवंत माणसाची अशी काटेकोर वाटणी करता येत नाही. अर्धा सेंटिमीटर इकडचा तिकडे होईल, पण क्रम बदलणार नाही.

म्हणूनच उंची मोजण्याआधीही पोक सांगून जातो. भिंतीला टाचा आणि पाठ टेकवून, नजर समोर ठेवून उभं राहिलं असता डोक्याची मागची बाजू भिंतीला लागत नसेल, तर छातीच्या मणक्यांविषयी शंका घ्यावी. काकूच्या डोक्यामागे चार बोटं जातात. दुसरी खूण कमरेच्या बाजूला: शेवटची फासळी आणि कमरेचं हाड यांत दोन बोटांहून कमी जागा उरली असेल तर कंबरेच्या मणक्यांकडे बघावं. काकू वर्षभर तक्रार करत होती की दोन घास खाल्ले की पोट भरतं. आम्ही ॲसिडिटीची औषधं देत होतो. पोटाला जागाच उरली नव्हती. भिंत आणि बोटं या दोन्ही चाचण्या फक्त शंका उत्पन्न करतात, निर्णय एक्स-रेचाच.

मग हाडांची घनता मोजली. कंबरेचा टी-स्कोर, म्हणजे तरुण निरोगी हाडांशी तुलना करून येणारा आकडा, आला उणे २.१. उणे २.५ किंवा त्याखाली गेलं की ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. भाऊ खूश झाला, "बघ, अजून तिथवर गेलेलं नाही." हा दुसरा सापळा. ते यंत्र मणक्यातलं खनिज मोजून सावलीच्या क्षेत्रफळाने भागतं. मणका चेपला की खनिज तेवढंच राहतं आणि क्षेत्रफळ घटतं, म्हणजे भागाकार वाढतो. मोडलेलं हाड जास्त दाट दिसतं! काकूचा कंबरेचा पहिला मणका याच मोजणीत होता. वयपरत्वे मणक्यांच्या कडांना वाढलेली हाडंही आकडा फुगवतात. म्हणून किरकोळ कारणाने मणका दबला असेल तर टी-स्कोर काहीही असो, निदान ऑस्टिओपोरोसिसचंच धरतात. अर्थात, दुसरं कारण नाही हे बघून. त्यासाठी कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, थायरॉइड, मूत्रपिंड आणि मज्जेतल्या एका कॅन्सरसाठी प्रथिनांची तपासणी झाली. वजन घटत असेल, ताप असेल, रात्री आडवं पडूनही दुखत असेल किंवा पायात बळ कमी वाटत असेल, तर प्रकरण वेगळं आणि घाईचं.

काकूचं ड जीवनसत्त्व आधी भरून काढलं, मूत्रपिंडं ठीक आहेत हे पाहिलं आणि वर्षातून एकदा शिरेतून द्यायचं झोलेड्रॉनिक ॲसिड सुरू झालं. ते हाड खाणाऱ्या पेशींना आवरतं. त्याने गेलेली उंची परत येत नाही, बाकही सरळ होत नाही. मग कशासाठी? एकदा मणका दबला की वर्षभरात आणखी एक दबण्याची शक्यता पाचांत एक असते, ती कमी करण्यासाठी.

एक गोष्ट मात्र आम्ही त्याच दिवशी बंद केली. काकू सकाळी कमाटीबागेत बायकांच्या गटाबरोबर आसनं करते. त्यात पश्चिमोत्तानासन आणि पादहस्तासन, दोन्ही पुढे वाकायची. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने १९८४ साली अशाच बायकांचा एक छोटा अभ्यास छापला होता. पाठ मागे ताणणारे व्यायाम करणाऱ्यांत नवे मणके दबण्याचं प्रमाण सोळा टक्के, पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्यांत एकोणनव्वद. अभ्यासात एकूण बायका साठहूनही कमी होत्या, त्यामुळे आकडे तंतोतंत धरू नयेत, पण दिशा वर केलेल्या गणिताशी जुळते. काकू आता पालथी झोपून छाती थोडी उचलते, भिंतीला पाठ लावून उभी राहते, चालते. सगळ्या जणी वाकल्या की ती बाकावर बसते आणि तिला त्याची लाज वाटते.

आमची ही मोजामोज बघून शेजारचे सत्तरीचे आजोबा संध्याकाळी चौकटीपाशी आले. त्यांच्याकडे नोकरीत रुजू होतानाच्या वैद्यकीय तपासणीचा कागद होता, त्यावर १६८. आता भरले १६५.५. घाबरून म्हणाले, "माझाही एक्स-रे काढू?" त्यांचं डोकं भिंतीला टेकत होतं, फासळीखाली चार बोटं जागा होती, पाठ कधी धरली नव्हती, स्टिरॉइडच्या गोळ्या कधी घेतल्या नव्हत्या. शिवाय वेळ संध्याकाळची. त्यांना म्हटलं, उद्या सकाळी चहाआधी या, परत मोजू. सकाळी १६६.५ भरले. दीड सेंटिमीटर घट, ती सगळी गाद्यांच्या खात्यावर जाते. एक्स-रे काढला नाही.